यूएसबीचे अठ्ठेचाळीस व्होल्ट : कोणाच्या उपयोगाचे?

मुलगा अभियांत्रिकीला गेला किंवा मुलगी नोकरीसाठी पुण्यात राहू लागली की घरात एक नवा लॅपटॉप येतो आणि त्याबरोबर एक जाडजूड चार्जरही येतो. त्यावर १४०, १८० किंवा क्वचित २४० वॅट असा आकडा छापलेला असतो. त्याचे तोंड मात्र आपल्या मोबाईलच्या चार्जरसारखेच लंबगोल, यूएसबी-सी या नावाने ओळखले जाणारे असते. मग घरात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. हा चार्जर चुकून मोबाईलला लावला तर मोबाईल जळेल काय? आणि एवढा दांडगा चार्जर घेतला तर घरातील सारीच उपकरणे लवकर चार्ज होतील काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु ते का, हे समजून घेतल्याशिवाय ना भीती जाते, ना खर्च वाचतो. म्हणून या लेखात आम्ही यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतीतील ‘एक्स्टेंडेड पॉवर रेंज’ म्हणजे विस्तारित शक्तिकक्षेची ओळख करून देत आहोत. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ईपीआर म्हणतात.

व्होल्टेज वाढवण्याची गरज का पडली?

शाळेत शिकलेले एक सूत्र येथे पुरेसे आहे. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. २०२१ पूर्वीच्या प्रमाणानुसार यूएसबी-सी मधून जास्तीत जास्त २० व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे १०० वॅट मिळत. याहून अधिक शक्ती हवी असेल तर दोनच वाटा होत्या : अँपिअर वाढवणे किंवा व्होल्ट वाढवणे.

अँपिअर वाढवण्याची वाट अरुंद आहे. यूएसबी-सीच्या त्या चिमुकल्या तोंडात एकूण २४ धातूच्या पट्ट्या असतात. त्यांपैकी केवळ चार पट्ट्या वीज आत नेण्यासाठी आणि चार परतीसाठी असतात. ५ अँपिअर म्हणजे प्रत्येक पट्टीच्या वाट्याला सव्वा अँपिअर. त्याहून अधिक प्रवाह कोंबला तर पट्ट्या तापतात आणि केबलही तापते.

किती तापते, याचा हिशेब करून पाहू. प्रमाणानुसार पूर्ण प्रवाह वाहत असताना केबलच्या जाणाऱ्या तारेत अर्धा व्होल्ट आणि परतीच्या तारेत पाव व्होल्ट, असा मिळून पाऊण व्होल्टपर्यंतचा ऱ्हास चालतो. ५ अँपिअरला पाऊण व्होल्ट, म्हणजे पावणेचार वॅटची उष्णता संपूर्ण केबलभर पसरते. हाताला ती जेमतेम कोमट लागते. आता समजा, २४० वॅट २० व्होल्टवरच न्यायचे ठरवले, तर १२ अँपिअर लागतील. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे त्याच केबलमध्ये साडेएकवीस वॅटहून अधिक उष्णता निर्माण होईल, आणि एवढी उष्णता सोसणारी केबल घरात वापरण्याजोगी राहणार नाही. उलट प्रवाह ५ अँपिअरच ठेवून व्होल्टेज ४८ केले, तर २४० वॅट मिळतात आणि केबलमधील उष्णता पूर्वीइतकीच, म्हणजे पावणेचार वॅटच राहते. ईपीआरचे सारे मर्म या एका हिशेबात आहे.

मे २०२१ मध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरीची ३.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिने जुन्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या पायऱ्यांवर २८, ३६ आणि ४८ व्होल्ट या तीन पायऱ्या चढवल्या. प्रवाह ५ अँपिअरच असल्याने त्यांची शक्ती अनुक्रमे १४०, १८० आणि २४० वॅट होते. चार्जरवर हेच तीन आकडे वारंवार का दिसतात, ते यावरून ध्यानी येईल. १४० वॅटचा चार्जर २८ व्होल्टवर थांबतो. ४८ व्होल्ट हवे असतील तर १८० वॅटच्या वरचाच चार्जर लागतो. वर ४८ व्होल्टलाच थांबण्यामागेही कारण आहे. सुरक्षिततेच्या प्रचलित नियमांत कोरड्या हाताला धोका न देणाऱ्या एकदिश विजेची मर्यादा ६० व्होल्टच्या आसपास धरली जाते. ४८ व्होल्ट तिच्या आत राहतात आणि थोडी मोकळीकही उरते.

मोबाईल का जळत नाही?

पूर्वीच्या चार्जरमध्ये जो व्होल्टेज असे तो पिन लावताक्षणी उपकरणात शिरत असे. यूएसबी-सीमध्ये तसे घडत नाही. जोडणी होईपर्यंत चार्जर वीज सोडतच नाही, आणि जोडणी झाल्यावर प्रथम केवळ ५ व्होल्ट सोडतो. त्यानंतर केबलमधील एका स्वतंत्र तारेवरून चार्जर आणि उपकरण यांच्यात संकेतांची देवाणघेवाण होते. चार्जर आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी पाठवतो. उपकरण त्यातील एक पर्याय मागते. चार्जर तो मान्य करतो आणि मगच व्होल्टेज बदलतो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट अशी की, ही पहिली यादी २० व्होल्टच्या ठरलेल्या पायरीवर संपते. चार्जर २४० वॅटचा असला तरी २८, ३६ आणि ४८ हे आकडे तो या यादीत दाखवतच नाही. ज्या मोबाईलला ईपीआर ठाऊक नाही, त्याच्यापुढे हे पर्याय कधीच येत नाहीत. तो आपले ९ व्होल्ट मागतो आणि ९ व्होल्टच घेतो.

वरच्या पायऱ्यांसाठी उपकरणाने निराळी विनंती करावी लागते. आधी २० व्होल्टपर्यंतचा करार पुरा करायचा, मग ‘मला विस्तारित कक्षेत यायचे आहे’ असा संदेश पाठवायचा. त्यावर चार्जर लगेच होकार देत नाही. तो प्रथम केबलची चौकशी करतो. ५ अँपिअर वाहणाऱ्या प्रत्येक केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची एक छोटी चिप असते. ती चिप केबलची क्षमता सांगते. ५० व्होल्ट आणि ५ अँपिअर सोसण्याची ग्वाही चिपने दिली, तरच चार्जर दुसरी, मोठी यादी उघडतो. म्हणजे चार्जर, केबल आणि उपकरण या तिघांचा होकार मिळाल्यावाचून २० व्होल्टची वेस ओलांडली जात नाही.

एवढ्यावरही भागत नाही. विस्तारित कक्षेत आल्यावर उपकरणाने जवळजवळ दर अर्ध्या सेकंदाला ‘मी अजून येथे आहे’ असा संदेश पाठवत राहावे लागते. साधारण एक सेकंदभर काहीच ऐकू आले नाही, तर चार्जर सारा करार मोडतो, वीज काढून घेतो आणि पुन्हा ५ व्होल्टपासून आरंभ करतो. उच्च व्होल्टेज एकदा मागून कायमचे मिळत नाही. ते टिकवण्यासाठी सतत मागत राहावे लागते.

केबल चालू असताना उपटली तर काय, हाही प्रश्न रास्त आहे. २० व्होल्टला पट्ट्या विलग होताना ठिणगी जवळजवळ दिसत नाही, पण ४८ व्होल्टला ती पट्ट्यांवर बारीक खड्डे पाडू शकते. म्हणून २४० वॅटच्या केबलच्या टोकांत ठिणगी शमवणारा लहान कपॅसिटर बसवलेला असतो. शिवाय संदेशवहनाच्या पट्ट्या वीजवाहक पट्ट्यांपेक्षा आखूड असतात; त्या आधी सुटतात आणि दोन्ही टोकांना जोडणी तुटत असल्याची आगाऊ सूचना मिळते.

खरोखर कोणाला लागते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कोणत्या उपकरणाला एवढ्या व्होल्टेजचा उपयोग होईल, हे दोन गोष्टींवरून ठरते : त्याला १०० वॅटहून अधिक शक्ती लागते काय, आणि त्याची बॅटरी किती व्होल्टची आहे.

मोबाईलपासून पाहू. त्याच्या बॅटरीचा एक सेल साधारण पावणेचार ते साडेचार व्होल्टचा असतो. ४८ व्होल्ट आणून ते बारा पटीने खाली उतरवायचे, तर त्या रूपांतरात वीज वाया जाते आणि ती उष्णता त्या पातळ पेटीत कोंडते. म्हणून मोबाईल ९ व्होल्टच्या आसपासच रमतो. २०२३ मध्ये रियलमी कंपनीने २४० वॅटने चार्ज होणारा फोन आणला होता हे खरे. पण ती त्या कंपनीची स्वतःची, मोठ्या प्रवाहाची पद्धत होती आणि तिला कंपनीची खास केबल लागत असे. तिचा ४८ व्होल्टशी संबंध नव्हता. मनगटी घड्याळे, कानातील इअरबड्स, टॅब्लेट यांचीही गोष्ट मोबाईलसारखीच. त्यांच्यासाठी मोठा चार्जर निरुपद्रवी आहे, पण निरुपयोगीही आहे.

लॅपटॉपची स्थिती निराळी, आणि येथे एक गैरसमज दूर करायला हवा. एवढे वॅट बॅटरी भरण्यासाठी लागतात असे वाटते. पण विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास असल्याने लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्याच्या आतच ठेवल्या जातात. अशी बॅटरी १०० वॅटच्या चार्जरने दीड-दोन तासांत भरते. त्याहून मोठी शक्ती लागते ती लॅपटॉप चालत असताना. चलच्चित्रांचे संपादन, त्रिमितीय आराखडे, मोठे खेळ यांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मिळून १५० वॅट सहज ओढतात. समजा अशा लॅपटॉपला १०० वॅटचा चार्जर लावला आहे. उरलेले ५० वॅट तो बॅटरीतून घेतो. ९० वॅट-तासांची बॅटरी मग प्लग लावलेला असतानाही दोन तासांच्या आत रिकामी होते. वापरणाऱ्याला वाटते, बॅटरी खराब झाली. वास्तविक चार्जर तोकडा असतो.

हीच गरज ओळखून ॲपलने २०२१ च्या १६ इंची मॅकबुक प्रो सोबत १४० वॅटचा, २८ व्होल्टचा चार्जर दिला. फ्रेमवर्क कंपनीने आपल्या १६ इंची लॅपटॉपसाठी प्रथम १८० वॅटचा आणि पुढे २०२५ मध्ये २४० वॅटचा चार्जर आणला. या वर्गाच्या लॅपटॉपांना पूर्वी प्रत्येक कंपनीचा वेगळ्या गोल पिनेचा, विटेएवढा चार्जर लागत असे. ईपीआरने केलेला खरा बदल तो हा.

दुसरा मोठा वर्ग म्हणजे अधिक व्होल्टेजच्या बॅटऱ्या. विजेवर चालणाऱ्या सायकलीचे उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडील रस्त्यांवर त्या आता दिसू लागल्या आहेत. तिच्या बॅटरीवर सहसा ३६ व्होल्ट लिहिलेले असते. आत दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण भरल्यावर त्यांचा व्होल्टेज ४२ होतो. बॅटरी भरण्यासाठी तिच्याहून वरचा व्होल्टेज लागतो, जसे टाकी भरायला पाणी तिच्याहून उंच असावे लागते. २० किंवा २८ व्होल्ट मिळाले तर सायकलीत व्होल्टेज वर चढवणारे सर्किट बसवावे लागते. ४८ व्होल्ट मिळाले तर ते थोडेसे उतरवले की काम भागते, आणि उतरवण्याचे हे सर्किट सोपे असते.

समजा ही बॅटरी १० अँपिअर-तासांची आहे, म्हणजे ३६० वॅट-तासांची. तिच्यासोबत मिळणारा साधा चार्जर ४२ व्होल्ट, २ अँपिअरचा, म्हणजे ८४ वॅटचा असतो. तो साडेचार-पाच तास घेतो. २४० वॅटने तीच बॅटरी पावणेदोन-दोन तासांत भरेल, अर्थात तिचे सेल तेवढा वेग सोसणारे असतील तर. शेवटचा वीसेक टक्के भाग सावकाशच भरावा लागतो, त्यामुळे तेथे मोठ्या चार्जरचाही लाभ होत नाही. एस्टोनियातील ॲम्पलर या कंपनीने यूएसबी-सीने १४० वॅटपर्यंत चार्ज होणारी सायकल बाजारात आणली आहे. म्हणजे ही केवळ कल्पना राहिलेली नाही.

विजेवरील स्कूटरला मात्र याचा उपयोग नाही. तिची बॅटरी साधारण तीन हजार वॅट-तासांची धरली, तर २४० वॅटने ती भरायला साडेबारा तासांहून अधिक लागतील. मिक्सर पाचशे ते साडेसातशे वॅटचा, इस्त्री हजार वॅटची. ही उपकरणे या कक्षेबाहेर आहेत आणि बाहेरच राहतील. दुसऱ्या टोकाला, छताचा नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटचा आणि लहान एलईडी टीव्ही पन्नासेक वॅटचा. त्यांना जुने २० व्होल्टच पुरतात. थोडक्यात, १०० ते २४० वॅटच्या पट्ट्यात मोडणारी उपकरणे मोजकीच आहेत : शक्तिशाली लॅपटॉप, छोटे संगणक, लॅपटॉपला चार्ज करणारे मॉनिटर, सायकली आणि काही हत्यारे.

‘१४० वॅटचा चार्जर, पण वेग साठचा’

अशी तक्रार ऐकू आली की दोष शोधण्याचा क्रम सरळ आहे. तिघांपैकी जो सर्वांत दुबळा, त्याच्याइतकीच वीज मिळते.

प्रथम केबल पाहावी. ई-मार्कर नसलेली साधी केबल लावली, तर चार्जर ३ अँपिअरपुढे जात नाही. २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॅटच मिळतात. जुनी ५ अँपिअरची केबल असेल तर १०० वॅट मिळतात, कारण ती २० व्होल्टपर्यंतचीच ग्वाही देते. १४० वॅट मिळण्यासाठी २४० वॅटचीच केबल हवी. अधली-मधली केबल नाही. यूएसबीच्या अधिकृत बोधचिन्हांत केबलसाठी ६० आणि २४० असे दोनच आकडे आहेत. खरेदी करताना वेष्टनावर आणि केबलच्या टोकावर २४० वॅटची खूण पाहून घ्यावी.

केबल बरोबर असेल तर चार्जरवरील बारीक अक्षरे वाचावीत. त्यावर २८ व्होल्ट, ५ अँपिअर ही जोडी छापलेली असायला हवी. अनेक चार्जरना तीन-चार तोंडे असतात आणि १४० हा सर्वांचा मिळून आकडा असतो. दुसऱ्या तोंडाला मोबाईल लावला की पहिल्याचा वाटा १०० किंवा ६५ वॅटवर उतरतो. तो मोबाईल काढून पाहावा. वेग पूर्ववत झाला तर दोष कोणाचाच नाही. शेवटी लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहावी. काही लॅपटॉपना यूएसबी-सीची दोन-तीन तोंडे असली तरी मोठी शक्ती घेणारे तोंड त्यांपैकी एखादेच असते.

येथे तीन गोष्टींबाबत सावध राहावे, असे आम्ही आवर्जून सांगतो. पहिली, लांबी वाढवणारी यूएसबी-सीची जोड-केबल आणि चुंबकाने चिकटणारी टोके. चार्जरला ई-मार्कर सांगतो तो मूळ केबलबद्दल. मध्ये घातलेल्या जोडतुकड्याची त्याला वार्ताच नसते. वीज मात्र त्यातूनच वाहते, आणि तापते तेही तेथेच. दुसरी, वीज मोजणारे छोटे मीटर. जुने मीटर चोवीस किंवा तीस व्होल्टपर्यंतचेच असतात. ४८ व्होल्टच्या जोडणीत ते घातले तर जळू शकतात. तिसरी, उपकरणाच्या वतीने ठरावीक व्होल्टेज मागून ते गोल पिनेतून देणारे स्वस्त ॲडाप्टर. त्यात मागणी करणारा एक आणि वीज सोसणारा दुसरा, अशी फारकत होते. वर सांगितलेली सारी सुरक्षितता मागणाऱ्यालाच आपली मर्यादा ठाऊक आहे, या एका गृहीतावर उभी आहे. ते गृहीत येथे मोडते.

केबल वापरताना टोक किंवा चार्जरचे तोंड हात लावता येणार नाही इतके तापले, किंवा पट्ट्यांवर काळसर डाग दिसले, तर ती केबल त्याच दिवशी बाद करावी. पट्टी झिजली की तिचा रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते आणि उष्णतेने पट्टी आणखी झिजते.

ज्या घरात मोबाईल आणि साधा लॅपटॉप आहे, तेथे ६५ वॅटचा चार्जर आणि ६० वॅटची केबल बहुधा पुरे होतात. लॅपटॉपला पूर्ण ६५ वॅट हवे असतील तर ५ अँपिअरची केबल घ्यावी. जेथे संपादनाचा, आराखड्यांचा किंवा खेळांचा लॅपटॉप आहे, तेथे त्याच्या मूळ चार्जरवरील वॅट पाहून तेवढ्याच पायरीचा चार्जर घ्यावा आणि केबल मात्र २४० वॅटचीच घ्यावी. अशी केबल पुढे दुसरा चार्जर किंवा दुसरे उपकरण आले तरी कामी येते, आणि मोबाईललाही ती निर्धास्तपणे लावता येते.